आठवड्याच्या बीपीची सरासरी: कागदावर, शीटमध्ये की फोटोतून थेट?

दर सोमवारी सकाळी सांगलीहून आईच्या वहीचा फोटो येतो. मशीनवरचे आकडे ती वहीत उतरवते, फोटो काढून मला पाठवते आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी मी त्यातून आठवड्याची सरासरी काढतो. यासाठी मी तीन पद्धती वापरून पाहिल्या आहेत: वहीचं पान समोर ठेवून कागदावर बेरीज, फोटो बघून शीटमध्ये टायपिंग, आणि फोनला फोटोतला मजकूर उचलायला लावणं. घरच्या कुणाच्या वहीचे फोटो तुमच्याकडेही येत असतील आणि यातली कुठली पद्धत धरावी असा प्रश्न असेल, तर आईच्या एका आठवड्यावरून फरक दाखवतो.

आधी सरासरी कशाची काढायची ते ठरवू. घरच्या बीपीसाठी युरोपातल्या मार्गदर्शक सूचना सात दिवस मोजायला सांगतात. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन नोंदींमध्ये एक मिनिट, आणि मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसणं. पहिल्या दिवसाच्या नोंदी सोडून द्यायच्या आणि उरलेल्या सगळ्यांची सरासरी घ्यायची. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेलं धरतात. अमेरिकेत हीच रेषा १३०/८० आहे, म्हणून तुमचे डॉक्टर कुठली रेषा मानतात ते विचारून घ्या. काही मशीन स्वतःच सरासरी दाखवतात, पण ती बहुधा शेवटच्या दोन-तीन नोंदींची असते, आठवड्याची नसते.

वहीतले वरचे आकडे असे होते:

| वार | सकाळ | संध्याकाळ |
|---|---|---|
| सोम | १५२, १४६ | १४८, १४२ |
| मंगळ | १३८, १३४ | १३२, १३२ |
| बुध | १३४, १३२ | १३०, १२८ |
| गुरू | १३८, १३६ | १३६, १३४ |
| शुक्र | १३६, १३२ | १५८, १५४ |
| शनि | १३४, १३२ | १३४, १३२ |
| रवि | १३२, १२८ | १८३, १३४ |

सोमवार सोडला की चोवीस नोंदी उरतात.

कागदावर करायचं तर चोवीस तीन-आकडी संख्यांची बेरीज करत बसू नका. दहावीच्या गणितातला गृहीतमध्य आठवा. १३० हा मध्य धरा आणि प्रत्येक नोंदीसमोर फक्त फरक लिहा. मंगळवारचे फरक ८, ४, २, २, म्हणजे एकूण १६. बुधवारचे ४, २, ०, उणे २, म्हणजे ४. गुरुवारचे २४, शुक्रवारचे ६०, शनिवारचे १२. रविवारी मात्र २, उणे २, ५३, ४ असे फरक येतात आणि बेरीज ५७ होते. सगळे मिळून १७३. त्याला २४ ने भागलं की ७.२, आणि मध्यात मिळवलं की सरासरी १३७.२.

माझ्या लेखी कागदाची खरी किंमत इथे दिसते. फरक लिहिता लिहिताच पेन दोनदा अडखळतं, शुक्रवारच्या ६० पाशी आणि रविवारच्या ५३ पाशी. वेगळे दिवस शोधायला निराळी पायरी लागत नाही, ते बेरजेतच वर येतात.

या दोन अडखळण्यांचा अर्थ मात्र एक नाही. रविवारी संध्याकाळी वहीत १८३/८२ आहे आणि एका मिनिटानंतर १३४/७८. एका मिनिटात वरचा आकडा ४९ ने उतरला आणि खालचा फक्त ४ ने, हे पटण्यासारखं नाही. शिवाय १८३ आणि ८२ मध्ये १०१ चं अंतर पडतं, तर आईच्या बाकी नोंदींत ते पन्नाशीच्या आसपास असतं. मी फोन केला. "आई, मशीनच्या मेमरीत रविवार संध्याकाळची पहिली नोंद बघ ना." तिथे १३८ होतं. ८ आणि ३ ची जागा उतरवताना बदलली होती. दुरुस्ती केल्यावर रविवारची बेरीज १२ झाली, एकूण १२८, आणि सरासरी १३५.३ वर आली. चोवीस नोंदींतल्या एका चुकीने जवळपास दोन अंक वाढवले होते.

शुक्रवारी तसं नव्हतं. १५८ आणि १५४ या दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतात, खालचा आकडाही सोबत ९२ आणि ९० पर्यंत चढलेला आहे. ही उतरवण्याची चूक नाही, बीपी त्या वेळी खरंच तेवढं होतं. शेरा होता: "लिफ्ट बंद. तीन मजले चढून आले, लगेच मोजलं."

आता शीट. टायपिंगला कागदापेक्षा जास्त वेळ लागतो, पण महिन्याच्या नोंदी एकत्र बघायच्या असतील तर शीटला पर्याय नाही. वरचा आणि खालचा आकडा वेगळ्या रकान्यांत टाका. १३८/८२ असं एकाच घरात टाकलंत तर ती शीटच्या दृष्टीने संख्या राहत नाही, आणि सरासरी काढताना अशी घरं मुकाट्याने वगळली जातात, इशारा येत नाही. म्हणून मी तीन सूत्रं एकत्र ठेवतो:

```
=COUNT(B2:B25)
=AVERAGE(B2:B25)
=MEDIAN(B2:B25)
```

पहिल्याचं उत्तर २४ आलं नाही तर पुढची दोन उत्तरं बघूच नका. कुठला तरी आकडा मजकूर म्हणून बसलेला आहे, आणि तो बहुधा घरात डावीकडे चिकटलेला दिसतो.

तिसरं सूत्र मध्यकाचं आहे, म्हणजे सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत. या आठवड्याचा मध्यक १३४ आहे. गंमत अशी की चुकीचा १८३ ठेवला तरी मध्यक १३४ च राहतो, आणि सरासरी मात्र १३५.३ वरून १३७.२ वर जाते. मग सरळ मध्यकच का देऊ नये? कारण १३५ ची रेषा सरासरीसाठी आखलेली आहे. डॉक्टरांना सरासरीच द्यावी आणि मध्यकाला राखणीला बसवावं. दोघांत दोन-तीन अंकांचं अंतर पडलं की फोटो पुन्हा उघडायचा.

शीटमध्ये बसलं की प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप, काढून "सरासरीपासून दोन पटींपलीकडचा दिवस वेगळा" असा नियम लावायचा मोह होतो. मीही तो लावत असे. सहा दिवसांवर हा नियम चालत नाही. दुरुस्तीनंतर दिवसवार सरासरी १३४, १३१, १३६, १४५, १३३, १३३ येते आणि प्रमाण विचलन साधारण ५. शुक्रवार सरासरीपासून ९.७ दूर आहे, म्हणजे १.९ पट. इतका उघड दिवस नियमातून निसटतो. कारण तोच मोठा आकडा सरासरीलाही स्वतःकडे ओढतो आणि विचलनही फुगवतो. सहा किंमतींत कुठलीही किंमत २.०४ पटींपेक्षा दूर जाऊच शकत नाही, हे गणितानेच ठरलेलं आहे. तीन पटींचा नियम लावलात तर कुठलाच दिवस कधीच सापडणार नाही.

म्हणून मी साधा नियम धरला आहे. तो माझा घरगुती आहे, वैद्यकीय नाही. दिवसांच्या सरासऱ्यांचा मध्यक काढायचा, इथे १३३.५, आणि त्यापासून १० किंवा जास्त दूर असलेल्या दिवसाभोवती वर्तुळ करायचं. शुक्रवार ११.५ दूर आहे, बाकी सगळे तीनच्या आत. मात्र हा नियम लावण्याआधी एका मिनिटाच्या अंतरातल्या जोड्या तपासायच्या. रविवारची चूक तशीच राहिली असती तर मध्यक १३५ झाला असता, रविवार त्यापासून ९.३ दूर पडला असता आणि वर्तुळातून सुटला असता.

फोटोतून थेट मजकूर उचलणं दिसायला सर्वात सोपं आहे. पण आईच्या वहीसाठी मी ते सोडून दिलं. ती मराठी आकडे लिहिते, घाईत मधेच इंग्रजी. मराठी १ ला फोन इंग्रजी नऊ समजतो. ती चूक निदान लपत नाही, कारण नऊशेच्या घरातलं बीपी कुणाचंच नसतं. मराठी ५ ला तो इंग्रजी चार समजतो, आणि ही चूक वाईट. ८५ चे ८४ झाले तर संशय यायला जागाच नाही, आणि खालच्या आकड्याची रेषा नेमकी ८५ वर आहे. मधली तिरकी रेघ कधी एक होते, मग १३४/८२ चा सहा आकड्यांचा सलग अंक येतो. पान तिरपं असेल तर सकाळचे आणि संध्याकाळचे रकाने मिसळतात आणि एका मिनिटाच्या जोड्या तुटतात, म्हणजे चूक पकडायचं साधनच हातून जातं. सगळे आकडे मूळ फोटोशी ताडून बघावे लागत असतील तर वाचलेला वेळ तिथेच संपतो. सुवाच्य इंग्रजी आकडे आणि छापील रकाने असलेली वही असेल तर ही पद्धत जरूर वापरा, फक्त ताडून बघणं सोडू नका.

तर निवड अशी. एकाच आठवड्याचा प्रश्न असेल तर कागद आणि गृहीतमध्य. डॉक्टरांनी नुकतीच गोळी बदलली असेल आणि दोन-तीन महिने बघायचं असेल तर शीट, पण पहिले एक-दोन आठवडे कागदावरही करा, म्हणजे त्या माणसाचे आकडे कुठल्या पट्ट्यात फिरतात हे डोळ्यांना कळतं.

शुक्रवारची संध्याकाळ ठेवावी की काढावी, यावर मी बराच घोटाळलो. ठेवली तर १३५.३, म्हणजे रेषेवर. त्या दोन नोंदी काढल्या तर १३३.५, रेषेखाली. पाच मिनिटं न बसता मोजलं म्हणून त्या नोंदी वगळाव्यात, हे म्हणणं रास्त आहे. पण आवडत नाही तो आकडा कारण शोधून काढून टाकायची सवय लागली तर प्रत्येक आठवड्याला एखादा जिना सापडेल. मी ठरवलं ते असं: उतरवण्याची चूक सिद्ध झाली तर दुरुस्त करायची, खरी नोंद कधीच खोडायची नाही. तिचं कारण लिहायचं आणि दोन्ही आकडे द्यायचे. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

एका बाबतीत मात्र आठवड्याची वाट बघू नका. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे दिसला तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तरीही तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, असं काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत न बसता थेट रुग्णालय गाठा.

त्या सोमवारी आईने डॉक्टरांकडे नेलेल्या चिठ्ठीवर चार ओळी होत्या:

मंगळ ते रवि, २४ नोंदी, सरासरी १३५/८२.
शुक्रवार संध्याकाळच्या दोन नोंदी वगळल्यास १३३/८१ (जिना चढून लगेच मोजलं, १५८/९२ आणि १५४/९०).
रविवारची एक नोंद मशीनच्या मेमरीवरून दुरुस्त केली.
सोमवार, पहिला दिवस, धरलेला नाही: १४७/८८.