पूर्ण संहिता की मुद्द्यांचं कार्ड?

समजा, लातूरकडच्या एका कृषी सहायकाला घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासावी यावर चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. शब्दन् शब्द लिहून घ्यायचा, की नुसते मुद्दे?

पूर्ण लिहिलं तर साधारण पाचशे शब्द होतात. आकडा चुकत नाही, वेळ पाळली जाते. पण लिहिताना आपण नकळत ‘तपासणी करण्यात यावी’ असं लिहितो आणि बोलतानाही तेच तोंडात येतं. पाठ केलं तर एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. मोबाईलवर सरकता मजकूर लावला आणि फोन हातभर अंतरावर असला, तर बुबुळं डावी-उजवीकडे फिरताना दिसतात. फोन सहा-सात फूट लांब ठेवून ओळी अरुंद केल्या, तर हे बरंच झाकलं जातं.

मुद्द्यांत बोलणं मोकळं राहतं, मात्र मुद्दा कसा लिहिलाय यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं ‘उगवण’ लिहिलं, तर माणूस बियाण्याच्या भावापर्यंत भरकटतो. अख्खं वाक्य लिहिलं, तर ते वाचलंच जातं. म्हणून प्रत्येक मुद्द्यात एक क्रिया आणि एक आकडा असावा:

- सुरुवात (जशीच्या तशी): “घरचं सोयाबीन पेरताय? आधी शंभर दाणे मोजा.”
- पोत्यातून न निवडता १०० दाणे घ्या
- ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या १० ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा
- आठवडाभर ओल टिकवा, मग निरोगी कोंब मोजा
- ७० किंवा जास्त: एकरी ३० किलो, ६०: ३५ किलो
- शेवट (जसाच्या तसा): “आकडा पोत्यावर लिहून ठेवा.”

पहिलं आणि शेवटचं वाक्य नेमकं लिहायचं, कारण अडखळणं तिथंच होतं. सुरुवात सापडत नाही आणि शेवट लांबत जातो. मधलं आपल्या बोलीत येऊ द्यावं. एक मुद्दा वाचा, कार्ड खाली ठेवा, दोन सेकंद लेन्सकडे बघा आणि मग बोला. ती शांतता पुढे कापायला सोपी जाते. चुकलं तर तेवढाच मुद्दा पुन्हा घ्या. जोडावर चित्र उडी मारतं, तिथं गोणपाटावरच्या दाण्यांचं दृश्य टाका.

एकच मुद्दा मिनिटाच्या पुढे गेला, तर त्यात दोन गोष्टी शिरल्यात असं समजा आणि तो फोडा. वरच्या कार्डात पाचवा मुद्दा असा फुगतो, कारण ३५ किलो कुठून आले हे सांगावंसं वाटतं. ते सांगावंच (३० गुणिले ७०, भागिले ६०), पण वेगळ्या तुकड्यात.

असा विषय असेल तर आमचा कौल कार्डाला. औषधाची मात्रा किंवा योजनेच्या अटी सांगायच्या असतील, तर मात्र तेवढा भाग शब्दशः लिहून वाचावा आणि आकडे पडद्यावरही दाखवावेत.