घड्याळातली स्ट्राइड लेंग्थ: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बॅटरी आणि पडदा यांविषयी पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून मी फक्त धावण्याच्या तीन आकड्यांविषयी लिहितो. निमित्त सर्व्हिस सेंटरशी झालेल्या वादाचे आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखालून धावताना माझी स्ट्राइड लेंग्थ, म्हणजे एका पावलाची लांबी, अचानक ०.८९ वरून १.१४ मीटरवर जात असे. तक्रार केल्यावर आधी घड्याळ रिसेट करायला आणि मग छातीचा महागडा पट्टा घ्यायला सांगण्यात आले.

वास्तविक हे घड्याळ पावलाची लांबी मोजतच नाही. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले, ते हाताच्या हालचालीवरून मोजते. वेग जीपीएसवरून घेते आणि एकाला दुसऱ्याने भागून स्ट्राइड लेंग्थ दाखवते. किलोमीटरला ७ मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे १४३ मीटर. त्याला १६० पावलांनी भागले की ०.८९ येते. पुलाखाली जीपीएस भरकटून पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, ५:३० दाखवतो, तेव्हा पावले तीच असूनही उत्तर १.१४ येते. खात्रीसाठी ४०० मीटरच्या ट्रॅकवर पावले मोजत एक फेरी मारली: ४४८ पावले, म्हणजे पुन्हा ०.८९. ही साधी गोष्ट काउंटरवर कोणालाच सांगता येऊ नये, याचा राग अजून गेलेला नाही.

कॅडन्सला मी सुरुवातीला फारशी किंमत देत नव्हतो, कारण जो तो १८० चा मंत्र जपतो. तो आकडा जॅक डॅनिअल्स या प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्पर्धेच्या वेगात धावणाऱ्या खेळाडूंच्या निरीक्षणातून पुढे आणला. ७ च्या पेसने धावणाऱ्या हौशी माणसाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. मत बदलले ते तोच पेस ठेवून कॅडन्स पाच टक्क्यांनी, म्हणजे १६८ पर्यंत, वाढवल्यावर. पाऊल ०.८५ मीटरवर आले, ते शरीराच्या फार पुढे पडेनासे झाले आणि उतारावरची गुडघ्याची कुरकुर कमी झाली. पेस न बदलता कॅडन्स थोडा वाढवला की गुडघ्यावरचा भार घटतो, हे प्रयोगशाळेतील मोजमापांतूनही दिसले आहे. मात्र माझी पोटरी पहिले काही आठवडे चांगलीच दुखली, म्हणून वाढ हळूहळू करावी.

ग्राउंड कॉन्टॅक्ट टाइम हा पाय जमिनीवर टेकून राहण्याचा वेळ. माझा सुमारे २८० मिलिसेकंद असतो आणि वेग वाढवला की आपोआप उतरतो, त्यामुळे संथ रविवारची तुलना वेगवान बुधवारशी करून प्रगती झाली असे मानण्यात अर्थ नाही. त्याच पेसला, त्याच सपाट रस्त्यावर, लांब धावेच्या शेवटी तो चढू लागला तर मात्र ते बहुधा थकव्याचे लक्षण असते. तेवढ्यासाठी मनगटावरचा अंदाज मला पुरतो. पट्टा घेतलेला नाही. पडद्यावर आता पेस आणि कॅडन्स एवढेच ठेवले असून स्ट्राइड लेंग्थचा रकाना काढून टाकला आहे.