‘वॉटरमार्क तपासणी’च्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवल्याने आमच्या निबंधस्पर्धेत काय झाले

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर आमचे एक छोटे वाचक मंडळ आहे आणि त्याच्या वतीने आम्ही दरवर्षी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा घेतो. या वर्षी विषय गोदावरीचा होता आणि १२० निबंध आले. त्यांतले काही यंत्राकडून लिहून घेतलेले असणार, अशी शंका परीक्षकांनी व्यक्त केली, तेव्हा एका परिचिताच्या ओळखीने एक गृहस्थ आमच्याकडे आले. एआयने लिहिलेल्या प्रत्येक मजकुरात अदृश्य वॉटरमार्क असतो, आमचे सॉफ्टवेअर तो शोधते आणि ज्यात तो सापडत नाही तो निबंध माणसाने लिहिला असल्याचे प्रमाणपत्र देते, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक निबंधाला १२५ रुपये याप्रमाणे आम्ही १५,००० रुपये आगाऊ दिले. मी मंडळाचा सचिव असल्यामुळे त्या व्यवहारावर सही माझी आहे, आणि म्हणूनच हे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

अहवालात ९ निबंध ‘वॉटरमार्क आढळला’ म्हणून बाद झाले. उरलेल्यांतून पहिला क्रमांक काढला, बक्षीसही दिले. पंधरा दिवसांनी तो पहिला आलेला मुलगा आईला घेऊन आमच्याकडे आला आणि त्याने कबुली दिली. निबंध त्याने एआयकडून लिहून घेतला होता, नंतर एकेक परिच्छेद दुसऱ्या एका साधनातून दोनदा ‘वेगळ्या शब्दांत’ करून घेतला होता आणि शेवटी काही वाक्यांची जागा स्वतः बदलली होती. त्याच आठवड्यात बाद झालेली सिन्नरची एक मुलगी आपली कच्ची वही घेऊन आली. तिच्या निबंधावर ‘८२ टक्के वॉटरमार्क’ असा शेरा होता. वहीत तोच निबंध तीन वेळा लिहिलेला होता. खोडाखोडी, समासातले बाण आणि आजीने सांगितलेल्या पुराच्या आठवणींची टिपणे सगळे जागच्या जागी होते. ती वही हातात घेऊन बसलो असताना मला जी शरम वाटली, ती शब्दांत सांगता येत नाही.

आमच्या मंडळात संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी त्या अहवालाच्या पाठकोऱ्या कागदावर खरा वॉटरमार्क कसा चालतो ते मला समजावले. भाषेचे मॉडेल मजकूर एकेका टोकनने, म्हणजे शब्दाने किंवा शब्दाच्या तुकड्याने, पुढे नेते आणि प्रत्येक वेळी पुढच्या टोकनसाठी त्याच्यासमोर अनेक पर्याय असतात. मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मागचे टोकन आणि एक गुप्त किल्ली यांच्यावरून सगळ्या टोकनांची दर वेळी नव्याने ‘हिरवी’ आणि ‘लाल’ अशी वाटणी होते आणि हिरव्यांना थोडेसे झुकते माप दिले जाते. ‘पाणी’ या शब्दानंतर ‘संथ’, ‘शांत’, ‘हळूहळू’ यांपैकी काहीही शोभत असेल, तर हिरव्या यादीतला शब्द जरा जास्त वेळा निवडला जातो. वाचणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही. मात्र ‘गोदावरीचा उगम’ म्हटल्यावर पुढे ब्रह्मगिरी किंवा त्र्यंबकेश्वरच येणार. तिथे झुकते माप देऊनही फरक पडत नाही. म्हणजे जिथे निवडीला वाव असतो तिथेच खूण उमटते. ती फाइलमध्ये नसते, शब्दांच्या निवडीत असते, त्यामुळे मजकूर हाताने उतरवून काढला तरी ती टिकते.

तपासणी म्हणजे ही हिरवी टोकने मोजणे होय, आणि त्यासाठी तीच किल्ली आणि मजकुराचे टोकनांत तेच तुकडे पाडणारी व्यवस्था हाताशी लागते. याद्या निम्म्या-निम्म्या असतील, तर ४०० टोकनांच्या निबंधात निव्वळ योगायोगाने सुमारे २०० हिरवी निघतील आणि त्यातला नेहमीचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १० असेल. वॉटरमार्क असलेल्या मजकुरात समजा २९० निघाली, तर ती अपेक्षेपेक्षा ९ विचलने वर आहेत. एरवी ४ विचलनांच्या वर गेल्याशिवाय खूण सापडली असे मानत नाहीत, कारण इतके वर योगायोगाने जाण्याची शक्यता लाखात तीनच्या आसपास असते.

यानंतर प्राध्यापकांनी त्या मुलाच्या निबंधाचा प्रश्न सोडवून दाखवला. एखादा शब्द बदलला की त्याचा रंग जातो आणि त्याच्या पुढच्या शब्दाचाही जातो, कारण पुढची यादी मागच्या टोकनवरून ठरते. म्हणून अधूनमधून दहात एक शब्द बदलला, तरी पाचपैकी चार जोड्या शाबूत राहतात आणि खूण सहज सापडते. परंतु ‘नदीचे पाणी संथपणे वाहत होते’ याचे ‘प्रवाह मंद गतीने पुढे सरकत होता’ असे झाले, तर ‘होते’चासुद्धा ‘होता’ होऊन एकही जोडी जुनी उरत नाही, आणि नव्या शब्दांचा रंग पुन्हा नाणेफेकीसारखा पडतो. सगळ्या निबंधात मिळून पाचातली एकच जोडी टिकली असे धरले, तर त्या ८० टोकनांत ५८ हिरवी आणि उरलेल्या ३२० मध्ये निम्मी, म्हणजे १६०, असे २१८ होतात. अपेक्षेपेक्षा १८ जास्त, म्हणजे अवघी १.८ विचलने. अशा निबंधावर कोणतीही प्रामाणिक तपासणी बोट ठेवू शकत नाही. खूण पूर्णपणे पुसली जाते असे मात्र नाही. तेवढ्याच प्रमाणात टिकलेला मजकूर २,००० टोकनांचा असता, तर १,००० च्या जागी १,०९० हिरवी निघाली असती, विचलन २२ च्या आसपास असते आणि आकडा ४ वर पोहोचला असता. पण आमचे निबंध होते दीड-दोन पानांचे.

हे कळल्यावर आमच्या हातातला अहवाल मी पुन्हा पाहिला. त्यात कोणत्या मॉडेलची कोणती किल्ली वापरली याचा उल्लेखच नव्हता. प्रत्येक कंपनी असा वॉटरमार्क घालत नाही. गूगलने आपली पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे, परंतु पद्धत माहीत असणे आणि किल्ली हाती असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय मॉडेलने निबंध इंग्रजीत लिहिला आणि दुसऱ्या एखाद्या साधनाने त्याचे मराठीत भाषांतर केले, तर मूळ टोकनच राहत नाहीत. म्हणजे ‘खूण नाही’ यावरून ‘माणसाने लिहिले’ हे सिद्ध होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि आम्ही नेमक्या त्याच प्रमाणपत्रासाठी पैसे मोजले होते.

आम्ही आणखी एक गोष्ट करून पाहिली, आणि ती पैसे देण्यापूर्वीच करायला हवी होती. सिन्नरच्या मुलीचा तोच निबंध, एक अक्षरही न बदलता, वेगळ्या नावाने त्या गृहस्थांकडे पाठवला. या वेळी उत्तर आले ‘३७ टक्के’. किल्ली तीच आणि मजकूर तोच असेल, तर हिरव्या टोकनांची संख्या बदलूच शकत नाही. ही निव्वळ मोजणी आहे, तिथे मताला जागा नाही. वर, खऱ्या तपासणीत माणसाने लिहिलेल्या मजकुरावर चुकून बोट ठेवले जाण्याची शक्यता इतकी कमी असते की १२० निबंधांत एखादाही तसा सापडणे दुर्मीळ ठरावे. आमच्या ९ बाद निबंधांपैकी ६ जणांनी आतापर्यंत आपल्या कच्च्या वह्या आणून दाखवल्या आहेत.

त्या गृहस्थांना मी दोनच प्रश्न लेखी विचारले. किल्ली कोणाची, आणि किती टोकनांपैकी किती हिरवी? त्यानंतर त्यांचा फोन लागलेला नाही. दोन्ही अहवाल, पैसे दिल्याची पावती आणि तो पत्रव्यवहार जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करत आहोत. बाद केलेले नऊही निबंध परीक्षकांनी पुन्हा वाचले. पुढच्या रविवारी त्या विद्यार्थ्यांना त्यांच्या वह्यांसह बोलावले असून प्रत्येकाशी निबंधावर दहा मिनिटे बोलून निकाल नव्याने लावला जाईल.