लाल द्रावण की गुलाबी-निळे: समतोल सरकताना दाखवायचा तर

रासायनिक समतोल सरकतो म्हणजे काय होते, हे रंगीत द्रावणातून दाखवायचे असेल तर दोन पर्याय नेहमी पुढे येतात. पहिला फेरिक आयन आणि थायोसायनेट यांच्यापासून होणाऱ्या गडद लाल द्रावणाचा, आणि दुसरा कोबाल्ट क्लोराइडच्या गुलाबी-निळ्या द्रावणाचा. मी दोन्ही अनेक वर्षे वर्गात करून पाहिले आहेत. ल शातेलिए यांचे तत्त्व वाचकाला ठाऊक आहे असे धरून मी थेट या दोहोंच्या वागण्याकडे वळतो.

लाल द्रावणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. फेरिक नायट्रेट आणि पोटॅशिअम थायोसायनेट यांची अगदी विरल द्रावणे एकत्र केली की `Fe³⁺ + SCN⁻ ⇌ [FeSCN]²⁺` हा समतोल लगेच प्रस्थापित होतो. द्रावण नारिंगी-लाल होईपर्यंत पाणी घालावे आणि ते चार परीक्षानळ्यांत समान वाटावे. एक नळी तुलनेसाठी तशीच ठेवावी, दुसरीत फेरिक नायट्रेटचे आणि तिसरीत थायोसायनेटचे अधिक संहतीचे दोन-तीन थेंब टाकावेत. दोन्ही नळ्या गडद होतात. चौथीत डायसोडिअम हायड्रोजन फॉस्फेट टाकले की फॉस्फेट फेरिक आयनांना बांधून घेते आणि लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो. द्रावण सुरुवातीलाच फार गडद झाले असेल तर मात्र थेंब टाकूनही डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. प्रयोग फसला असे वाटण्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते. पदार्थ अत्यल्प लागतात, आणि तीव्र आम्लाशी संबंध येऊ दिला नाही तर विद्यार्थ्यांच्या हाती देण्यास ते तुलनेने निर्धोक आहेत.

तरीही एका गोष्टीने मला वर्षानुवर्षे सतावले. या द्रावणात जे काही घडते ते एकाच रंगाच्या गडद-फिकटपणात घडते. वर्गात मी पाणी ओतून समतोल डावीकडे सरकला असे सांगितले, की कोणीतरी हमखास विचारी, “सर, पाणी घातलं म्हणूनच फिकट झालं ना?” हा प्रश्न चुकीचा नाही. सरबतात पाणी ओतले तरी ते फिकट होते, आणि तिथे समतोल सरकलेला नसतो.

या शंकेला उत्तर आहे, आणि ते सुंदरही आहे. सपाट तळाच्या, सारख्या रुंदीच्या दोन उभ्या नळ्या पांढऱ्या कागदावर ठेवाव्यात, दोन्हींत तेच 5 मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि एकीत तेवढेच पाणी ओतावे. आता बाजूने न पाहता वरून, नळीच्या लांबीच्या दिशेने पाहावे. समतोल सरकला नसता तर रंगीत कणांची एकूण संख्या तीच राहिली असती. ते फक्त दुप्पट उंचीत विखुरले असते आणि वरून रंग जसाच्या तसा दिसला असता. प्रत्यक्षात तो बराच फिकट दिसतो. दोन्ही आयनांची सुरुवातीची संहती लिटरला 0.001 मोल आणि समतोल स्थिरांक 140 धरला, तर आधी सुमारे 11 टक्के लोह लाल रूपात असते आणि पाणी घातल्यावर जेमतेम 6 टक्के उरते. म्हणजे रंगीत कण खरोखरच निम्म्याच्या आसपास आले.

युक्तिवाद निर्दोष आहे, पण तो समजावण्यातच माझा अर्धा तास जाई आणि प्रयोग बाजूला राही. तापमानाच्या वेळी ही अडचण आणखी बोचते. ही अभिक्रिया उष्मादायी असल्यामुळे नळी गरम पाण्यात ठेवली की रंग उतरतो हे खरे, पण उतार बेताचाच असतो आणि तुलनेची नळी शेजारी धरल्याशिवाय पटत नाही. शिवाय बराच वेळ गरम केलेले द्रावण थंड झाल्यावर कित्येकदा मूळ रंगावर पूर्ण येत नाही, कारण फेरिक आयन थायोसायनेटचे हळूहळू ऑक्सिडीकरण करतो. जो समतोल परत येताना दाखवायचा, तोच परत येत नाही.

कोबाल्टच्या द्रावणात हा वाद उद्भवतच नाही. तेथे `[Co(H₂O)₆]²⁺ + 4Cl⁻ ⇌ [CoCl₄]²⁻ + 6H₂O` असा समतोल असतो. डावे रूप गुलाबी, उजवे निळे. पाणी ओतल्यावर निळे द्रावण नुसते फिकट निळे झाले असते तर शंका घेता आली असती. ते गुलाबी होते, आणि विरलनाने निळ्याचे गुलाबी होत नाही. मी साधारण 4 ग्रॅम सजल कोबाल्ट क्लोराइड 40 मिलिलिटर पाण्यात विरघळवतो आणि धुराच्या कपाटात 60 मिलिलिटरच्या आसपास तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे घालत द्रावण जांभळे होऊ देतो. हा आकडा अंदाजाचा आहे. खरा निकष जांभळा रंग. आम्ल जास्त झाले तर द्रावण बर्फातही निळेच राहते, आणि कमी पडले तर गरम पाण्यातही गुलाबी सोडत नाही. थेंबाथेंबाने पाणी किंवा आम्ल घालून ते मधोमध आणावे लागते, आणि या कामात घाई चालत नाही.

एकदा हे साधले की तीन बंद नळ्या पुरतात. उजवीकडे जाणारी अभिक्रिया उष्माग्राही असल्यामुळे सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यातली नळी गडद निळी होते, बर्फातली गुलाबी होते आणि मधली जांभळी राहते. मग त्यांची अदलाबदल करावी. बर्फातून काढलेली नळी गरम पाण्यात उतरवली की काचेलगतचा थर आधी निळा होतो आणि निळाई आत पसरत जाते. हे मी किती वेळा पाहिले असेल, तरी आजही थांबून पाहतो. या वेळी नळीत काहीही घातलेले नसते, त्यामुळे शंकेला जागाच उरत नाही.

याचेही दोष सांगितले पाहिजेत. कोबाल्टची संयुगे विषारी आहेत, द्रावण मोरीत ओतता येत नाही, ते वेगळे साठवावे लागते, आणि आम्लाच्या वाफा घशाला झोंबतात. आणखी एक बारकावा असा की निळे रूप गुलाबी रूपापेक्षा शंभरपटीच्या आसपास तीव्र रंगाचे आहे. त्यामुळे जांभळा रंग दिसला म्हणजे निम्मे-निम्मे झाले असे समजू नये. थोडेसे कोबाल्ट निळ्या रूपात गेले तरी डोळ्याला निळाई पुरेशी दिसते. किती सरकला हे मोजायचे असेल तर लाल द्रावणच अधिक सोयीचे.

दाबाच्या बाबतीत दोघेही सारखेच निरुपयोगी आहेत, कारण वायुरूप घटक कुठल्याच बाजूला नाही. त्यासाठी तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड भरलेली बंद सिरिंज लागते, `2NO₂ ⇌ N₂O₄`. दट्ट्या दाबताच रंग आधी गडद होतो आणि क्षणात किंचित उतरतो. बाजूने पाहिल्यास तो मूळ रंगापेक्षा गडदच राहतो आणि पाहणारा गोंधळतो. सिरिंजच्या लांबीच्या दिशेने पाहिले तर मात्र मूळ रंगापेक्षा फिकट दिसतो, वर सांगितलेल्या उभ्या नळ्यांच्याच न्यायाने. वायू विषारी असल्यामुळे हे शिक्षकाने धुराच्या कपाटातच करावे.

धुराचे कपाट नसेल, किंवा प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः थेंब टाकावेत अशी इच्छा असेल, तर लाल द्रावण घेण्यात मला गैर वाटत नाही. वरून पाहण्याची युक्ती तेवढी आधी करून घ्यावी. एकच प्रयोग करण्याइतका वेळ असेल आणि तापमानाचा परिणाम दाखवणे अटळ असेल, तर मी स्वतः कोबाल्टच्या नळ्या काढतो. घट्ट बंद केलेल्या त्या तीन नळ्या मी पुढच्या तुकडीसाठी तशाच जपून ठेवतो; द्रावण पुन्हा करावे लागत नाही, आणि टाकून द्यायलाही काही उरत नाही.