वेल्डिंग रॉडचा ५ किलोचा ओव्हन: जून ते ऑक्टोबर वापरानंतर

वर्कशॉप पत्र्याच्या शेडमधलं, खाली काळी जमीन. ट्रॉल्या, तिफणी आणि गेटचं काम. यंदा पावसाळ्याआधी ५ किलो रॉड मावणारा, ४०० वॅटचा, जास्तीत जास्त १५० अंशांपर्यंत जाणारा साधा ओव्हन घेतला.

आधी तो काय करत नाही ते सांगतो, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. सडलेला रॉड तो सुधारत नाही. लेपावर पांढरी भुकटी आली असेल, लेप बोटाने सुटत असेल किंवा उघड्या टोकाला आतल्या तारेवर गंज दिसत असेल, तर तो रॉड भंगारात टाकावा. वाळवला तरी ब्लोहोल पडणारच. दमट झालेला पण लेप शाबूत असलेला ६०१३ जातीचा रॉड मात्र ओव्हनमध्ये सावरतो. ओळखायला सोपं आहे: दोन रॉड एकमेकांवर वाजवा. कोरडे खणखणतात, दमटांचा आवाज बद्द येतो. दमट रॉड जळताना तडतडतो, छर्रे जास्त उडतात.

६०१३ आणि ७०१८ यांना एकच मोजमाप लावू नका, सगळ्यात मोठी चूक हीच होते. ६०१३ ला १०० ते ११० अंशांवर तासभर पुरतो. त्याच्या लेपात थोडा ओलावा आणि सेल्युलोज मुळातच असावं लागतं. १५० वर रात्रभर ठेवला तर आर्क नीट धरत नाही. ७०१८ चं उलट. ट्रॉलीचा हूक, ॲक्सल असल्या जोडांना तो वापरतात, कारण त्यात हायड्रोजन कमी असतो. लेपात पाणी शिरलं की त्या पाण्यातला हायड्रोजन सांध्यात जातो आणि जाड लोखंडात तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. भिजलेल्या ७०१८ ला ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावं लागतं, आणि हे या ओव्हनच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे ७०१८ चं पाकीट फोडलं की लगेच १२० वर ठेवायचं आणि कामापुरते चार-चार रॉडच बाहेर काढायचे. पाकीट आठवडाभर उघडं राहिलं असेल तर हा ओव्हन त्याला वाचवत नाही.

किती वेळ ठेवायचं हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा तराजू वापरा. ऑगस्टच्या झडीत ६०१३ चे ३.१५ मिमीचे २ किलो रॉड ११० अंशांवर ठेवले. पहिल्या तासात वजन २२ ग्रॅमनी उतरलं, पुढच्या अर्ध्या तासात फक्त ३ ग्रॅमनी. तिथेच थांबलो. वजन उतरणं मंदावलं की काम झालं. रॉड उभे, सुटे ठेवावेत. गच्च भरले तर मधल्यांपर्यंत उष्णता उशिरा पोचते आणि बाहेरचे नाहक तापतात.

विजेचं गणित. थर्मोस्टॅट चालू-बंद होत असल्याने ४०० वॅटचा ओव्हन दिवसभरात साधारण ३ युनिट खातो. तो इन्व्हर्टरवर टाकू नका. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तास बॅटरीतून प्रत्यक्षात हजारएक वॅट-तास मिळतात. लाईट-पंख्यांना तेवढे पुरतात, पण थंड ओव्हन पहिल्यांदा तापतानाच त्यातला मोठा वाटा गिळतो. त्यापेक्षा लाईट गेली की झाकण उघडूच नका. दोन तासांनी आत ६० अंश होते, म्हणजे ओलावा आत यायला वाव नव्हता. आमचा खटक्याचा थर्मोस्टॅट वीज आल्यावर आपोआप सुरू होतो. घेताना हे आवर्जून तपासा. डिजिटल बटणाचे काही ओव्हन वीज आल्यावर बंदच राहतात, आणि रात्रीतून रॉड गार होऊन सकाळी घाम धरतात. वेल्डिंग मशीनचं मात्र उलट: वीज गेली की मेन स्विच पाडायचा, वीज येतानाचा झटका त्याला लागू द्यायचा नाही.

न फोडलेली पाकिटं ओव्हनमध्ये ठेवून जागा अडवू नका. रिंगच्या झाकणाच्या ५० लिटरच्या प्लास्टिक ड्रममध्ये कापडी पिशवीत अर्धा किलो सिलिका जेल घाला, ड्रम लाकडी ओंडक्यांवर ठेवा. काळ्या जमिनीची ओल फरशीतून वर येते आणि पहाटे पत्र्यावरून थेंब गळतात, म्हणून भिंत आणि पत्र्याची वळचण दोन्ही टाळा. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की रिकाम्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा नारिंगी होतात. आमचे पाच महिन्यांत तीनदा भाजावे लागले.

आपल्याकडे पावसात दहा-पंधरा दिवसांचा खंड पडतो आणि कडक ऊन निघतं, तेव्हा ओव्हन बंद करायचा मोह होतो. त्या दिवसांत ६०१३ ड्रममध्ये गेले तरी चालतं, ७०१८ साठी मात्र ओव्हन सुरूच ठेवला.

तक्रार दोनच: झाकणाची रबरी पट्टी सप्टेंबरात कडक होऊन फाटली, ती उष्णता सोसणारी सिलिकॉनची हवी होती. आणि थर्मोस्टॅटचा काटा १२० दाखवतो तेव्हा आत १०५ असतात, म्हणून वेगळा थर्मामीटर घालून पहिल्याच दिवशी खूण करून ठेवा.