परका कायदा शाबीत करताना: तज्ज्ञ साक्षीदार बोलवावा की कायद्याचे पुस्तक ठेवावे?

करारात परदेशी कायदा लागू होईल असे कलम आहे आणि दावा मात्र आपल्याच जिल्ह्यातील न्यायालयात चालवायचा आहे, असे प्रकरण हाती आले की वकिलापुढे दोन वाटा असतात. त्या देशातील वकिलाला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे करता येते, किंवा त्या देशाचा अधिकृतपणे छापलेला कायदा आणि तेथील न्यायनिवाड्यांचे अहवाल थेट न्यायाधीशांपुढे ठेवता येतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये पहिल्या वाटेला कलम ३९ चा आधार आहे, तर दुसऱ्या वाटेला कलम ३२ चा. जुन्या कायद्यातील कलम ४५ आणि ३८ ज्यांच्या अंगवळणी पडली आहेत, त्यांना यात फार वेगळे काही दिसणार नाही. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे आणि आज नवे प्रकरण आले तर कोणत्या वाटेने जाईन हे माझ्यापुरते ठरले आहे. तरी प्रत्येक प्रकरणाचा पिंड निराळा असतो, एवढे मान्य करूनच पुढचे वाचावे.

दोन्ही वाटांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, तो म्हणजे न्यायाधीश परक्या कायद्याकडे वस्तुस्थिती म्हणून पाहतात की कायदा म्हणून. भारतात लागू असलेल्या कायद्याची न्यायालय आपण होऊन दखल घेते; परक्या कायद्याची घेत नाही. तो वस्तुस्थितीप्रमाणे वादपत्रात मांडावा लागतो आणि पुराव्याने शाबीत करावा लागतो. हरिशंकर जैन विरुद्ध सोनिया गांधी या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इटालियन कायद्याच्या बाबतीत हेच सांगितले. मराठवाड्याला ही परकेपणाची कल्पना नवी नसावी. आपला भाग हैदराबाद संस्थानात होता तेव्हा येथील न्यायालयाचा निकाल ब्रिटिश मुलखातील मुंबईच्या न्यायालयात परकीय निकाल म्हणूनच जात असे.

आता ज्या प्रकरणाने माझे मत बनवले ते सांगतो. वाळूजच्या एका लहान कारखान्याने मोंबासा येथील खरेदीदाराला यंत्रांचे सुटे भाग पाठवले होते आणि किमतीचा मोठा हिस्सा थकला होता. करार कुठल्याशा जुन्या नमुन्यावरून उतरवलेला होता आणि त्यात इंग्लंडचा कायदा लागू राहील असे कलम होते. किमतीबद्दल फारसा वाद नव्हता. वाद दावा दाखल होण्यापूर्वीच्या व्याजाचा होता. इंग्लंडमधील १९९८ च्या विलंबित व्यापारी देण्यांवरील व्याजाच्या कायद्यानुसार बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर आठ टक्के अधिक व्याज मिळते. आम्ही तेच मागितले आणि त्यासाठी तेथील एका वकिलाचे तज्ज्ञ म्हणून मत घेतले.

मत नेटके होते. करार व्यापारी आहे, दोन्ही पक्ष व्यवसायाच्या ओघात वागले आहेत, म्हणून आठ टक्के अधिक मूळ दर लागू होतो, असा निष्कर्ष त्यात होता. कायद्याचा मजकूर मात्र सोबत जोडलेला नव्हता, आणि मीही तो मागितला नाही. सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले, साक्षीदाराची वेळ आणि न्यायालयाची वेळ जुळवण्यात अनेक तारखा गेल्या, आणि शेवटी दृक्‌श्राव्य माध्यमातून उलटतपासणी झाली. प्रतिवादीच्या वकिलांनी फार विचारले नाही. कायद्याची प्रत समोर धरून त्यांनी साक्षीदाराला कलम १२ वाचायला सांगितले. इंग्लंडचा कायदा केवळ पक्षांनी निवडला म्हणून लागू होत असेल, कराराचा त्या देशाशी कोणताही महत्त्वाचा संबंध नसेल आणि ती निवड नसती तर दुसऱ्याच देशाचा कायदा लागू झाला असता, तर हा व्याजाचा कायदा लागू होत नाही, असे ते कलम सांगते. विक्रेता वाळूजचा, खरेदीदार मोंबासाचा, माल न्हावा-शेवाहून गेलेला. इंग्लंडशी संबंध होता तो फक्त त्या एका ओळीचा. साक्षीदाराला ते मान्य करावे लागले.

मला खुपले ते व्याज गेले म्हणून नव्हे. कायद्याच्या त्याच पानांवर असलेली गोष्ट माझ्यापर्यंत आणि न्यायाधीशांपर्यंत पोहोचली ती उलटतपासणीतून, कारण आम्ही न्यायालयाला मजकूर दिलाच नव्हता, मजकुराबद्दलचे मत दिले होते. परका कायदा वस्तुस्थिती आहे असे एकदा मनात बसले की त्याच्यासाठी साक्षीदार शोधण्याकडे आपला कल जातो आणि तो स्वतः वाचण्याची सवय सुटते. प्रत समोर असती तर कलम १ पासून १२ पर्यंत यायला अर्धा तास पुरला असता. मग मी ती मागणी वादपत्रात घातलीच नसती, आणि वस्तूविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६१ नुसार न्यायालयाला योग्य वाटेल त्या दराने व्याज मागून मोकळा झालो असतो. परका कायदा शाबीत न झाल्यास न्यायालये साधारणपणे आपल्याच कायद्याने निर्णय करतात, म्हणून काही वेळा तो न मांडणे ही तिसरी वाटही विचारात घ्यावी.

इतर देशांनी हा पेच कसा सोडवला ते थोडक्यात पाहावे. इंग्लंडमध्येही परका कायदा हा वस्तुस्थितीचा प्रश्न मानतात, पण ‘विशिष्ट प्रकारच्या वस्तुस्थितीचा’. त्यामुळे अपील न्यायालय त्यात अधिक मोकळेपणाने हात घालते. गंमत अशी की हे शब्द ज्या १९६० च्या दशकातील निकालात आले, त्यात शाबीत करायचा परका कायदा आपला हिंदू विवाह अधिनियम होता. जर्मनीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार न्यायाधीश स्वतः शोध घेऊ शकतात आणि पक्षांनी आणलेल्या पुराव्यापुरते बांधलेले नसतात. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९६६ पासून नियम ४४.१ प्रमाणे तो सरळ कायद्याचाच प्रश्न आहे, मात्र साक्ष घेण्यास मनाई नाही. मला ही अमेरिकी रीत अधिक समंजस वाटते. आपल्या कलम ३२ मध्ये तिच्याकडे जाणारी एक पायवाट आधीपासून आहे, आपण ती क्वचित वापरतो इतकेच.

तज्ज्ञ निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. कायदा अरबी किंवा पोर्तुगीज भाषेत असेल, किंवा कलमाचा अर्थ तेथील न्यायालयांच्या प्रघातावर अवलंबून असेल, तर पुस्तक अपुरे पडते. ‘महत्त्वाचा संबंध’ म्हणजे किती संबंध, हे कलम १२ वाचून कळणार नाही. त्यासाठी निकाल लागतात, आणि निकालांचे अहवालही कलम ३२ मध्ये बसत असले तरी त्यांतून वाट काढायला जाणकार हवाच. मी आता तज्ज्ञाला तेवढाच एक प्रश्न लेखी विचारतो आणि उत्तराच्या प्रत्येक वाक्याला कलम किंवा निकाल जोडायला सांगतो.

पुस्तकाच्या वाटेतही काळजी आहे. नव्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील प्रकाशनही मान्य केल्यामुळे legislation.gov.uk सारख्या सरकारी संकेतस्थळावरील मजकूर ठेवता येतो, पण तेथे प्रथम दिसतो तो आजचा मजकूर. आपल्याला कराराच्या तारखेचा हवा असतो. त्या तारखेची आवृत्ती निवडून छापावी, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारे कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत द्यावे आणि संपूर्ण कायदा जोडावा, फक्त आपल्याला सोयीचे कलम नव्हे. वादपत्रात त्या कलमाचा उल्लेख तारखेसह असावा, कारण तो नसला तर निशाणी पडलेला दस्तऐवजही युक्तिवादाच्या वेळी उपयोगी पडेलच असे नाही.