गोळा, पाईप की पत्रा: गाऊसची सुरुवात कशापासून करावी?

कुणाला बारावीचं फिजिक्स शिकवायचं असेल किंवा स्वतःच परत बसायचं असेल तर गाऊसच्या नियमाची तीन उदाहरणं ठरलेली आहेत, चार्ज दिलेला गोळा, लांबच लांब सिलिंडर आणि सपाट शीट. नियम तुम्हाला माहीत आहे असं धरतो. प्रश्न एवढाच की आधी कुठलं घ्यायचं, कारण पहिलं जे डोक्यात बसतं त्याच साच्यात पोरं पुढची दोन कोंबतात.

मी भाचीला शिकवताना शीटपासून सुरुवात केली. सगळ्यात सोपी वाटली, फील्ड सरळ बाहेर, अंतराचा संबंधच नाही. शीटला आरपार छेदणारा एक चपटा डबा घ्यायचा, त्याच्या दोन्ही झाकणांतून फ्लक्स बाहेर जातो, बाजूच्या भिंतीतून काहीच नाही, म्हणून 2EA = σA/ε₀ आणि E = σ/2ε₀, पाच मिनिटांत काम झालं. दर चौरस मीटरला १० नॅनोकुलंब घेतले तर साधारण ५६५ न्यूटन प्रति कुलंब, जवळ उभे राहा नाहीतर लांब.

दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत ११३० आलं होतं, बरोबर दुप्पट. "मामा, तूच पत्रा म्हणालास ना, मग मी धातूचं सूत्र लावलं." चूक माझीच होती. धातूजवळ E = σ/ε₀ येतं कारण डब्याचं एक झाकण धातूच्या आत बुडलेलं असतं, तिथे फील्ड शून्य, म्हणून फ्लक्स एकाच झाकणातून. पण तिथला σ हा फक्त त्या एका पृष्ठभागावरचा. खऱ्या पत्र्यावर एकूण १० असतील तर ते दोन्ही बाजूंना ५-५ वाटले जातात, मग ५ घालून धातूचं सूत्र लावा किंवा १० घालून शीटचं, उत्तर तेच ५६५. तिने १० घेतले आणि सूत्र मात्र एका बाजूचं लावलं. हा दोनाचा घोळ सोडवण्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि सिमेट्री बाजूलाच राहिली, तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी शीट आधी नको.

गोळ्याबद्दल माझी तक्रार फार नाही. बाहेर E = kQ/r², पोकळ असेल तर आत शून्य. पण बाहेरचं उत्तर हुबेहूब कुलंबचंच निघतं, त्यामुळे पोरं म्हणतात हे तर आधीच येत होतं, एवढा खटाटोप कशाला. आतलं शून्य मात्र खरंच बघण्यासारखं आहे.

सिलिंडरमध्ये, निदान माझ्या अनुभवात, सिमेट्री काय काम करते ते हाताला लागतं. प्लंबरकडचा पीव्हीसी पाईप घ्या आणि त्याला टोकंच नाहीत असं समजा. फील्ड थोडी उजवीकडे कलली असेल असं कुणी म्हणालं तर पाईप उलटा करा, उजवं टोक डावीकडे. आता फील्ड डावीकडे कलायला हवी, पण पाईप तर जसाच्या तसा दिसतोय, म्हणजे कलच नाही. हे भाचीला एका झटक्यात पटलं. मग त्याच्याभोवती r त्रिज्येचा, L लांबीचा कल्पनेतला डबा ठेवायचा, झाकणांना फील्ड समांतर जाते म्हणून तिथला फ्लक्स शून्य, उरतो गोल भिंतीचा: E·2πrL = λL/ε₀. L दोन्हीकडून उडतो आणि E = λ/(2πε₀r). मीटरला १० नॅनोकुलंब घेतले तर अक्षापासून १० सेंटीमीटरवर १८००, २० वर ९००. अंतर दुप्पट केलं की गोळ्याची फील्ड पाव होते, इथे अर्धी होते, हे कुलंबवरून काढायचं तर इंटिग्रेशन करत बसावं लागतं.

याचीही एक खोच आहे. भरीव सिलिंडरच्या आतला बिंदू असला की पोरं पूर्ण λ घालतात, तिथे फक्त r च्या आतला हिस्सा म्हणजे λr²/R² घ्यायचा. पण ही चूक पकडता येते, पूर्ण λ घातला तर अक्षावर फील्ड अनंत येते, आणि ते पाहूनच काहीतरी बिनसलंय हे कळतं. दोनाच्या घोळात तसं काही दिसत नाही, ११३० सुद्धा साळसूद वाटतं.

आणि "लांबच लांब" म्हणजे किती, हेही इथेच छान तपासता येतं. बारीक तार एकच मीटर लांब असेल तर मध्यासमोर १० सेंटीमीटरवर सूत्रापेक्षा जेमतेम २ टक्के कमी फील्ड मिळते, अर्ध्या मीटरवर मात्र जवळपास ३० टक्के कमी. नियम तेव्हाही खराच असतो, फक्त झाकणांतूनही फ्लक्स जायला लागतो, भिंतीवर E सगळीकडे सारखा राहत नाही, म्हणून तो बाहेर काढता येत नाही.

तुमच्याकडचं पोर वेगळं असेल, कुणाला गोळाच सोपा वाटेल, मी अडवणार नाही. आमच्याकडे आता आधी पाईप, मग गोळ्याला दहा मिनिटं, आणि शीट शेवटी, तीही σ एका बाजूचा की दोन्ही मिळून हे चित्राशेजारी लिहून घेतल्यावरच. पत्रा हा शब्द मी बंद केलाय.